तीन ठिकाणी ठेवलेली एकच फाइल

९ जून, सोमवार. काम एवढंच होतं: जावेच्या प्रमाणपत्रांची पीडीएफ उघडायची आणि देवरूखच्या एका शाळेला पाठवायची. तिथे प्रयोगशाळा सहायकाची जागा होती. मंगळवारी दुपारी बारापर्यंत सगळी प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये, पासवर्ड लावून मेल करा आणि पासवर्ड वेगळा कळवा, असं त्यांनी सांगितलं होतं. मूळ कागद पडताळणीच्या वेळी. मूळ कागद मात्र गेल्या पावसात वाळवीने खाल्ले होते. दुय्यम प्रतींसाठी अर्ज केले होते, पण त्या यायला वेळ होता. तोवर माझ्याकडची स्कॅन केलेली फाइल हाच आधार. म्हणून जाऊ सकाळच्या एसटीने रत्नागिरीला माझ्याकडे आली.

घरातले कागद सांभाळायचं काम माझं. जावेचे कागद मीच स्कॅन केले होते, मीच पासवर्ड लावला होता. नियमही ठरलेला: आधारच्या पीडीएफसारखा. नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये, पुढे जन्मवर्ष. विसरायला जागाच नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं.

संगणकावर फाइल उघडून पासवर्ड घातला. चुकीचा.

"ताई, कुठलं नाव घातलंत?" जाऊ म्हणाली.

"तुझं."

"माझं कुठलं? माहेरचं की तांदळातलं?"

लग्नात नवरदेवाने ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं नाव तिच्या आधारवर आहे. प्रमाणपत्रांवर अर्थातच माहेरचं. मी माहेरचं घातलं. तेही चुकीचं. मग लहान अक्षरांत, मग मधे जागा सोडून. काही केल्या उघडेना.

"आपल्या घरात बाळी म्हणतात मला. ते बघा घालून."

"बाळी मी कशाला घालीन गो?"

घालून पाहिलं. नाही.

मी म्हटलं, काळजी नको, मी तीन ठिकाणी ठेवते. पेन ड्राइव्ह काढला. त्यातली फाइलही पासवर्ड मागू लागली. मग तिच्या मोबाइलवर डिजिटल लॉकर उघडलं. तिथे अपलोड केलेल्या कागदांत तीच फाइल, तेच कुलूप. मी कुलूप लावून झाल्यावर प्रती काढल्या होत्या. उघडी प्रत एकही ठेवली नव्हती.

"म्हणजे पेटी तीन ठिकाणी, आणि किल्ली एकीकडेही नाही," जाऊ म्हणाली. तिला हसू येत होतं, मला येत नव्हतं.

लॉकरमधून थेट बोर्डाची गुणपत्रिका मागवून पाहिली. आसन क्रमांक तिला पाठ होता. पण आधारवरचं नाव आणि बोर्डाकडचं नाव जुळत नाही म्हणून लॉकरने नकार दिला. आणि पदवी, प्रशिक्षण हे तिथे नव्हतंच. मला खरोखर कळेना, माझ्या इतक्या व्यवस्थित कामात भोक कुठे आहे.

जेवल्यावर जावेला आठवलं की ते स्कॅनिंग आपल्या घरी झालंच नव्हतं. पूर्णगडला, तिच्या माहेरी, पडवीत बसून मी फोनवर कागद टिपले होते. तिने आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. आईने तिला माहेरच्याच नावाने हाक मारली. मग मी सगळा घोळ सांगितला.

"तेव्हा तुम्ही मला हिचं साल विचारलंत ना," म्हातारी म्हणाली. "मी सांगितलं की."

"मग शाळेतलंच ना?"

"शाळेतलं कशाला सांगू? मास्तरांनी एक वर्ष वाढवलंन हिचं, पहिलीत बसवायला. जन्मतारीखही एक जून लावलीन. मी आई आहे, मी खरं तेच सांगणार."

म्हणजे आम्ही जे साल घालत होतो त्याच्या पुढचं. जावेने कीबोर्ड आपल्याकडे ओढला. माहेरचं नाव, खरं साल. फाइल उघडली.

"इतकी वर्षं एका वर्षाने थोरली होऊन जगले," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "नोकरीत निवृत्तही वर्षभर आधीच होणार."

"आधी नोकरी लागू दे."

पण डोकं मोकळं झालं नव्हतं. साल तेवढं सगळीकडे शाळेतलंच, पण कागदांवर एक नाव, आधारवर दुसरं. शाळा यातली कुठली बाई धरणार? दोन्ही नावं असलेला विवाह नोंदणीचा दाखला तेवढा तिच्याकडे होता, लॅमिनेट केलेला, म्हणून वाळवीतून वाचलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी फाइलची बिनपासवर्डची प्रत काढली आणि पेन ड्राइव्हवर टाकून तो कपाटात बंद केला. विवाहाचा दाखला स्कॅन करून प्रमाणपत्रांच्या आधी, पहिलं पान म्हणून जोडला. नव्या फाइलला नवा पासवर्ड लावला, ज्यात ना तिचं नाव, ना साल. पासवर्ड जावेकडून दोनदा वदवून घेतला. मेल पाठवला. मग शाळेच्या कार्यालयात फोन करून पासवर्ड सांगितला आणि समोरच्या कारकुनाला फाइल उघडेपर्यंत फोन ठेवू दिला नाही.

"उघडली," तो म्हणाला. "पण मॅडम, यातल्या उमेदवार कोणत्या?"

"पहिलं पान वाचा," मी म्हटलं.