जुन्या गाडीचे दोन भाव

माझा डावा गुडघा क्लचला वैतागला, तिथून हे सगळं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, एकतर बिनक्लचची गाडी घ्या, नाहीतर गाडी चालवणं सोडा. पुण्याहून मुलानं लगेच दुसरा पर्याय उचलला. "आई, पुरे झालं आता. कुठं जायचं तर मी इथून ॲपवर गाडी बुक करून देत जाईन." म्हणजे मी भाजीला निघाले तरी पुण्यात कळणार. मी म्हटलं, बघते.

पाच-सहा वर्षांपूर्वीची ती बाई, म्हणजे मीच, मला आजही डोळ्यांसमोर दिसते. साठी ओलांडलेली, खांद्याला पर्स घट्ट आवळलेली आणि जगातला प्रत्येक माणूस आपल्याला फसवायलाच जन्माला आलाय अशी खात्री बाळगून फिरणारी. स्वतःला लई हुशार समजायची. ऑटोमॅटिक गाडीसाठी तिनं ठेव मोडायची ठरवली होती, आणि जुन्या गाडीचे दोन लाख ऐंशी हजार आले की हिशोब जुळत होता. एक रुपया मुलाकडून घ्यायचा नव्हता, कारण पैशाबरोबर त्याचा सल्लाही आला असता.

जालना रोडवरच्या शोरूममध्ये एक्स्चेंजला गाडी दाखवली. त्यांचा तपासणारा पोरगा हातातलं यंत्र दारांना, बॉनेटला लावून रंगाची जाडी मोजत होता. मी त्याच्या मागं मागं. हा मोजता मोजता काही काढून तर घेत नाही ना, म्हणून. सेल्समननं चहा दिला. चहा बिनसाखरेचा, आणि मी न सांगता. ह्याला माझी साखर कुणी सांगितली, असं वाटून मी तो प्यायलेच नाही.

"मॅडम, जुन्या गाडीचे टोटल दोन सत्तर धरून देतो," तो म्हणाला.

दहा हजार कमी. मी ॲपवर जाहिरात टाकली. पहिले सगळे फोन एजंटांचे. मग पिशोरचा एक अद्रकीचा व्यापारी आला, सोबत त्याचा मिस्त्री. आमच्याकडं जुनी गाडी बघायला माणूस मिस्त्री घेऊनच येतो, पण त्या बाईला वाटलं हे गुपचूप बॅटरी बदलून न्यायला आलेत. चक्कर मारताना मी मागच्या सीटवर जाऊन बसले. मिस्त्रीनं गीअर टाकला की मी वाकून त्याचे हात बघायची.

"मावशी, उतरा की आता, घर आलं," व्यापारी म्हणाला. मग खिशातून इसाराची नोट काढली. "दोन पासष्ट. आत्ता बोला."

दोन पासष्ट. शोरूमपेक्षा पाच हजार कमी! मी मनात म्हटलं, बघ कसा म्हातारीला गुंडाळतोय. आणि त्याला चढवावं म्हणून थंडपणे सांगितलं, "शोरूमवाले दोन नव्वद देतायत."

तो मिस्त्रीकडं बघून म्हणाला, "मग तिथंच द्या ना मावशी. आम्ही नाय पुरायचो." नोट खिशात गेली आणि ते दोघं निघून गेले. आमचे हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "आता शोरूमलाही तेच सांग. दोन नव्वद."

दुसऱ्या दिवशी हे माझ्याबरोबर आले. मी त्या दोन सत्तरची फोड मागितली. सेल्समन जरा घोटाळला, मग कळलं की गाडीचे दोन चाळीस आणि कंपनीचा एक्स्चेंज बोनस तीस. दोन्ही मिळून 'टोटल'.

तेव्हा ह्यांनी विचारलं, "गाडी बाहेर विकली तर हे तीस जातात का?"

सेल्समननं मॅनेजरच्या केबिनच्या काचेकडं बघितलं. "तसं... घेणाऱ्याच्या नावावर झालेली आरसी आणली ना सर, मुदतीच्या आत, तर आमच्या स्कीममध्ये देता येतो बोनस."

मी बोटांवर बेरीज केली. म्हणजे पिशोरवाल्याचे दोन पासष्ट आणि वर तीस: दोन पंचाण्णव. शोरूमचे दोन सत्तर. मी एका बाजूला बोनस धरला होता, दुसऱ्या बाजूला नाही, आणि जो माणूस पंचवीस हजार जास्त देत होता त्याला लबाड ठरवून घालवून दिलं होतं. संशय घ्यायचा तर निदान बेरजेवर घ्यायचा, एवढंही त्या बाईला सुचलं नाही.

घरी येऊन व्यापाऱ्याला फोन लावला. "शोरूमचं काही जमलं नाही. तुम्ही घेताय का?"

पलीकडून लगेच, "का नाय जमलं? काय निघालं गाडीत?"

"काही नाही निघालं."

"दोन नव्वद देणारा माणूस उगं माघारी फिरतो व्हय? ॲक्सिडेंट निघाला का? इंजन उघडलंय का?"

आता काय सांगणार? खरं सांगावं तर मी खोटी ठरते, न सांगावं तर गाडी खोटी ठरते. मी सांगितलं की दोन नव्वद मी आपलं असंच म्हटलं होतं. तर तो म्हणाला, "आता असं म्हणताय मावशी." खऱ्यावर विश्वास नाही. माझाच रोग माझ्यावर उलटला होता.

शेवटी त्या बाईनं आणखी एक अक्कल चालवली. व्यापाऱ्याला म्हटलं, चला शोरूमला, त्यांच्या माणसाच्या तोंडून ऐका की गाडी स्वच्छ आहे. तो आला. आमचे हेही सोबत होते. तपासणाऱ्या पोरानं सांगितलं, रंग मूळचा, इंजन उघडलेलं नाही, कुठं ठोकलेली नाही. व्यापाऱ्याचा चेहरा सैल झाला. माझाही. तेवढ्यात सेल्समन लगबगीनं आला. त्याला वाटलं मी सौदा पक्का करायला आलेय.

"मॅडम, तुमच्यासाठी मॅनेजरशी बोललो. गाडीचे दोन पंचेचाळीस करतो, बस्स."

व्यापारी माझ्याकडं बघून हसला. बराच वेळ हसला. "मावशी, 'दुसरा जास्त देतो' असं सांगून मी बी रोज अद्रक विकतो. पण गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या दुकानात नेऊन खरा भाव नाय ऐकवत कधी."

"मग आता?"

"आता पंचेचाळीस."

"मग मी इथंच देते की."

"इथं देऊन काय जास्त मिळतंय तुम्हाला?" हे त्यानं विचारलं, आणि मला प्रथमच लक्षात आलं की बोनसचं त्याला ठाऊक नाही. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली. त्या दिवशी मी फक्त एवढीच हुशारी केली: गप्प राहिले.

पार्किंगमध्ये, ऊन खात, आम्ही दोन पंचावन्नवर आलो. अट माझी एकच. सह्या करून कोरे फॉर्म देणार नाही, गाडी आधी त्याच्या नावावर व्हायला पाहिजे. "नावावर करू की निवांत, घाई काय," तो म्हणाला, जसं सगळेच म्हणतात. मी म्हटलं, फी मी भरते, पण अर्ज आजच. आता त्याला संशय आला. विकणारी बाई स्वतःच्या पैशानं एवढी घाई का करते? त्यानं मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्रीनं त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण अर्ज भरला गेला.

त्याच्या नावावरची आरसी हातात आली तेव्हा बोनसची मुदत संपत आली होती. शोरूममध्ये सेल्समन तिची प्रत उजेडाला धरून उलटसुलट बघत राहिला. मी त्याला बघू दिलं. दोन पंचावन्न आणि तीस, त्यातून फी गेली, तरी दोन ऐंशीच्या वर चार पैसे राहिले. नव्या गाडीचे सीट कव्हर मात्र राहून गेले.

पहिल्या दिवशी डावा पाय फार भांबावला. क्रांती चौकाच्या सिग्नलला त्यानं सवयीनं क्लच म्हणून ब्रेक दाबला आणि हे पुढं डोकं आपटता आपटता वाचले. मागच्या रिक्षावाल्यानं माझा उद्धार केला. मी काच खाली केली, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि सिग्नल सुटल्यावर गारखेड्याकडं वळले. भाजी घ्यायची होती, आणि पुण्यात कुणाला कळणार नव्हतं.