पाचशे एकावं पोतं

लढाई संपल्यानंतरची गोष्ट. मी सांगलीत एका हळदीच्या पेढीवर इंग्रजी कारकून होतो. पेढीच्या मालकांना सगळं गाव अण्णा म्हणे, मीही अण्णाच म्हणायचो. इंग्रजीत लिहून आलेलं काहीही माझ्यापुढे टाकलं की त्यांची जबाबदारी संपायची. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतंच होतं, पण अण्णांच्या लेखी मी बॅरिस्टर होतो. कोरेगावला आई आणि दोन बहिणी माझ्या पगारावर होत्या, म्हणून मी अण्णांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलो नाही.

त्या वर्षी लंडनच्या एका व्यापाऱ्यानं अण्णांकडून पाचशे पोती हळद मागवली होती. पैसे लेटर ऑफ क्रेडिटवर मिळायचे. म्हणजे तिकडच्या बँकेनं लिहून दिलं होतं की, ठरलेली कागदपत्रं ठरलेल्या मुदतीत, ठरल्याबरहुकूम आली की आम्ही पैसे देऊ. कागद मुख्यतः तीन: आमचं बीजक म्हणजे मालाचं बिल, जहाजाची पावती म्हणजे बिल ऑफ लेडिंग, आणि विम्याची पॉलिसी. अण्णांनी मोसमातली बहुतेक सगळी हळद या एकाच सौद्यात घातली होती, तीही बँकेकडून उचल घेऊन.

माल जहाजावर चढवून देणाऱ्या मुंबईच्या एजंटाकडून पावती आणि पॉलिसी टपालानं आली. मी त्यांना बीजक जोडलं, सगळं नीट टाचलं आणि ऐटीत सांगलीतल्या आमच्या बँकेत गेलो. तिथले बिलं तपासणारे साहेब चष्म्याच्या वरून बघणारे होते. त्यांनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. बोट सरकत होतं तोवर मी पंख्याकडे बघत होतो. मग ते थांबलं.

"बीजकात पाचशे पोती. विम्यात पाचशे. जहाजाच्या पावतीत पाचशे एक. हे एक कुठून आलं?"

ते कुठून आलं हे मला ठाऊक होतं. अण्णांच्या पेढीवरून शून्यावर संपणारा माल कधी जात नसे. शून्य अशुभ. लग्नात अकरा, एकवीस, एकशे एक देतात, तसं मालातही वर एक पोतं जायचं. त्याचे पैसे लावायचे नाहीत, म्हणून ते बीजकात यायचं नाही. गिऱ्हाईक खूश व्हायचं. कराडचं, सोलापूरचं गिऱ्हाईक. पण मुंबईच्या गोदीत जहाजवाल्यांनी पोती मोजली आणि जेवढी चढली तेवढी लिहिली.

साहेबांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. ते म्हणाले, "आम्ही हळद बघत नाही, कागद बघतो. हे असेच मुंबईला पाठवले तर लंडनतर्फे कागद तपासणारी तिथली बँक परत करील. पाचशे एकातलं विमा नसलेलं पोतं कोणतं, ते कोण सांगणार? शिवाय क्रेडिटमध्ये पाचशेच लिहिलंय. मुदतही आता फार उरलेली नाही."

कागद परत घेऊन मी पेढीवर आलो आणि हे सांगितलं तेव्हा अण्णा आधी हसले. "आरं, कमी दिलं तर बोंब मारतात हे ठावं हाय. जास्त दिलं म्हणून कोण बोंबलतंय?"

मी म्हणालो, "अण्णा, लंडनात हळदीचा भाव उतरलाय. त्या व्यापाऱ्याला सौदा मोडायला निमित्तच पाहिजे असंल. आपण ते आयतं हातात दिलंय."

त्यांचं हसू गेलं. एवढा दांडगा माणूस, बाजारात त्यांच्या शब्दावर गाड्या हलायच्या, पण गादीवर बसल्या बसल्या त्यांनी धोतराचा सोगा कपाळाला लावला. हळद समुद्रात, उचल डोक्यावर आणि पैसा कुठंच नाही. मग त्यांनी दुकानातल्या माणसांना हळद साठवायच्या पेवाकडे पिटाळलं, दार लोटून घेतलं आणि दाढीचं पातं माझ्यापुढे ठेवलं.

"तुजं अक्षर चांगलं हाय. पावतीतला त्यो एक खरवडून टाक आन् शून्य कर. शब्दात लिवलंय ते बी. कुणाला कळतंय?"

मला अजून त्या पात्याचा थंडपणा आठवतो. पावतीच्या तीन प्रती होत्या, तिन्हींवर जहाज कंपनीची सही. जहाजवाल्यांच्या स्वतःच्या यादीत पाचशे एकच असणार. उद्या तिकडे पोती उतरली की कोणी खरवडलं हे विचारायला पोलीस सांगलीपर्यंत येतील, आणि अक्षर सापडेल माझं. नाही म्हटलं तर नोकरी जाईल. इकडे आड, तिकडे विहीर. मी इतका भ्यालो होतो की पातं उचलायच्याऐवजी हात मांडीखाली दाबून बसलो.

"अण्णा, मला न्हाई जमायचं."

"पगार घेताना जमतंय न्हवं?"

"बीजक पुन्हा करू. त्यात ते पोतं बिनपैशाचं म्हणून दाखवू, विमावाल्यांकडून माल चढवल्या दिवसापासून लागू होईल अशी दुरुस्ती घेऊ. ते खरंच हाय, त्यात भ्यायचं काय न्हाई. पण जहाजाच्या पावतीला आपण हात लावायचा न्हाई. साहेबांना सांगून लंडनला तार करू, एक पोतं जास्त चालंल का म्हणून."

"आन् न्हाई म्हनला तर?"

"तर बुडू," मी म्हणालो, आणि माझा आवाज रडल्यासारखा निघाला. अण्णांनी पातं उचलून खिशात ठेवलं, टोपी घातली आणि माझ्या पुढे बँकेच्या वाटेला लागले.

साहेबांनी तारेच्या अर्जावर अण्णांची सही घेतली. मुंबईच्या बँकेमार्फत तार गेली. नवं बीजक मी त्याच टेबलावर लिहिलं. दोन कागद फुकट गेले. विमा कंपनीची दुरुस्तीही आली. लंडनचं उत्तर तेवढं येईना.

त्या दिवसांत अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. दारात सायकलची घंटा वाजली की बँकेचा निरोप आला असं वाटून आम्ही दोघंही दचकायचो आणि दोघंही दचकलो नाही असं दाखवायचो. रात्री मला वाटे, खरवडलं असतं तर निदान निकाल लागला असता. असा विचार आपल्या मनात येतो, याचीही भीती वाटे.

मुदत संपायच्या बेतात असताना बँकेचा शिपाई बोलवायला आला. साहेबांनी तार वाचून दाखवली. जास्तीचं पोतं गिऱ्हाइकाला मान्य होतं, बाकी कागद बरोबर असतील तर पैसे द्यावेत. अण्णा खुर्चीतच सैल पडले. मग त्यांनी सगळ्यांसाठी पेढे मागवले. शिपायालाही दिले. मलाही दिला, पण माझ्याकडे न बघता.

पैसे जमा झाले त्या संध्याकाळी त्यांनी मला गादीजवळ बोलावलं. दोन महिन्यांचा पगार पुढे ठेवला. मला वाटलं, बक्षीस.

"उद्यापासनं येऊ नगंस," ते म्हणाले. "तुजं काय बी चुकलं न्हाई. चुकलं माजं. पर तुज्याकडं बघितलं की मला त्ये पातं दिसतंय. मी आसा मानूस हाय, ह्ये एकट्या तुलाच ठावं हाय, गड्या. रोज कसं बघू तुज्याकडं?"

मी शपथ घेतली की कधी कुणाला बोलणार नाही. त्यांनी मान हलवली. मी बोलणार नाही यावर त्यांचा विश्वास होता; पण मी गप्प राहिलो तरी मला ठाऊक होतं, तेच त्यांना सोसत नव्हतं. मला संताप आला, आणि त्यांची कीवही आली. पगार उचलून मी बाहेर पडलो. आता आईला काय सांगायचं, तेच कळत नव्हतं.