वरची खूण, खालची खूण

एम.एस्सी.ला जळगावात माझी प्रयोगाची जोडीदारीण पारोळ्याची होती. एप्रिलात नळाचं पाणीच इतकं तापलेलं असायचं, की काचनळीभोवतीचं पाणी तीस अंशांवर ठेवायला आम्ही गोळेवाल्याकडून बर्फ आणायचो. नळीत आधी नुसतं टोल्युइन भरायचं, मग त्यात विरघळवलेलं पॉलिस्टायरिनचं प्लॅस्टिक. नळीवरच्या वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला दुसऱ्याला किती जास्त वेळ लागतो, त्यावरून रेणुभार काढायचा. पारा जरा चढला तरी द्रव लवकर पळतो, म्हणून मी सगळ्यांवर खेकसायचे.

त्या दुपारी द्रावण उतरत असताना ती हळूच म्हणाली, "ऐक ना, मना घरना..." घरचं काही असलं की ती अहिराणीत बोलायची. नळीवरची नजर न काढता मी म्हटलं, "गप गं!"

घड्याळ थांबवल्यावर मी विचारलं. "काही नही," ती म्हणाली. "आकडा सांग, लिहून घेते."

दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. घरच्यांनी लग्न लावून दिलं, असं पुढे कळलं. आमचा रेणुभार झकास आला होता, सरांनी शाबासकी दिली.

अजून स्वतःवरच चिडते मी. ते द्रावण पुन्हा वर ओढून वेळ पुन्हा मोजता आला असता. तसं आम्ही दर नमुन्याला तीनदा करायचोच.