वरची पट्टी शेवटी

दहिसरच्या त्या फ्लॅटमध्ये मी पहिल्यांदा गेले, तेव्हा काकूंनी खिडकी बंद करायचंच ठरवलं होतं. बंद म्हणजे कायमची. चौकट काढायची, विटा लावायच्या, वरून गिलावा. गवंड्याशी बोलणंही झालं होतं. शेजारच्या इमारतीत मी खिडक्या बसवत होते म्हणून त्यांनी मला फक्त जुनी चौकट काढून न्यायला बोलावलं होतं.

काकू निवृत्त नर्स. काकांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवी बाजू गेलेली, बोलणं हळू आणि तुटक. त्यांचा पलंग त्या खिडकीलाच लावलेला. सहावा मजला, समोर नदी आणि पलीकडे डोंगराची कड. पण दर पावसाळ्यात खिडकीखालच्या भिंतीतून पाणी यायचं, गादी भिजायची, आणि चार महिने काकांना आतल्या खोलीत हलवावं लागायचं. त्या खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडते. पाइप सोडून दुसरं काही दिसत नाही.

"चार माणसं येऊन गेली," काकू म्हणाल्या. "प्रत्येकाने सिलिकॉन मारलं. मला आता कंटाळा आलाय."

मी बाहेर डोकावून पाहिलं. इमारतीच्या रंगकामासाठी बांबूची परांची लागलेलीच होती, म्हणून बाहेरून हात लावून बघता आलं. सिलिकॉनवर सिलिकॉन, त्यावर पुन्हा सिलिकॉन. जुन्यावर नवं कधी नीट धरत नाही. मी नखाने एक टोक उचललं आणि हातभर पट्टी साप कात टाकतो तशी निघून आली. आत धूळ, आणि चौकट व भिंतीच्या मध्ये बोट जाईल एवढी फट.

"काकू, खिडकीचा काही दोष नाही," मी म्हटलं. "खिडकी आणि भिंत जिथे भेटतात तो सांधा कोणी केलेलाच नाही. मला तीन कोरडे दिवस द्या. नाही जमलं तर चौकट मीच काढून नेईन, आणि गवंड्याला विटाही उचलून देईन."

असं छातीठोक बोलायची मला सवय आहे. पंधरा वर्षं मी हेच काम करते. काकू काकांकडे वळल्या. पलंगावरून काका म्हणाले, "करू... दे."

माझ्याबरोबर काम करणारे दादा खारदांड्याचे. घर मासेमारीचं, धाकटे भाऊ अजून होडीवर जातात. दादांनी तरुणपणी वडिलांबरोबर होडीच्या फळ्यांच्या फटीत कापूस ठासलाय, त्यामुळे पाणी कुठून शिरेल हे त्यांना शिकवावं लागत नाही.

पहिल्या दिवशी चौकट सोडवली, जुनं सिलिकॉन खरवडून काढलं, पोपडे झाडले. चौकट जिच्यावर टेकते ती खालची बैठक आतल्या बाजूला उतरती होती. म्हणजे जे काही पाणी शिरेल ते थेट घरात. ती सिमेंटने बाहेरच्या बाजूला उतरती केली आणि सुकू दिली. दुसऱ्या दिवशी प्रायमर मारून आधी बैठकीवर टेप लावली. ही टेप रुंद आणि चिकट, एका बाजूने रबरासारखी. दोन्ही कोपऱ्यांत ती भिंतीवर वीतभर चढवली आणि आतल्या कडेला उभी दुमडली, म्हणजे खालून ताटासारखी कड तयार झाली. मग चौकट बसवली, लेव्हल बघितली, स्क्रू आवळले.

आता त्याच टेपच्या बाहेरच्या पट्ट्या. नियम सोपा आहे, कौलांसारखा : खालचं आधी, वरचं नंतर, आणि वरचं नेहमी खालच्याच्या अंगावर. आधी दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या, खालच्या टेपवर चढवून. सर्वांत शेवटी वरची आडवी, दोन्ही उभ्यांच्या डोक्यावरून. दादा आत चौकट बघत होते, मी परांचीवर. तेवढ्यात दुसऱ्या साइटवरून फोन आला, काच चुकीच्या मापाची आली होती. फोन कानाशी धरूनच मी पट्ट्या लावल्या.

मग फटीत फोमची दोरी दाबली, म्हणजे सीलंट खोल जाऊन वाया जात नाही आणि भिंत व चौकट या दोनच बाजूंना धरतं. वर सीलंटची रेघ ओढली, बोटाने दाबून सारखी केली. काचा ज्यात सरकतात त्या खालच्या रुळातली पाणी बाहेर जायची भोकं मोकळी सोडली.

एक दिवस सुकू दिलं आणि मग होजपाइप घेतला. पाणी खालून मारायचं, हळूहळू वर जायचं. वरून सुरुवात केली तर कुठून शिरलं ते कळतच नाही. काकू आत टॉर्च घेऊन कोपरे बघत होत्या. अर्धा तास पाणी मारलं. आत थेंब नाही.

"सुकं आहे!" काकू ओरडल्या. काकांनी डावा हात वर केला.

दादा बाहेर आले, पाइप बंद केला, आणि वरच्या कोपऱ्यावरून बोट फिरवत थांबले. सीलंटखाली टेपचा उंचवटा लागतो.

"ताई, वरची पट्टी आधी लावलीस काय?"

मी हात लावला. खरंच. आडवी खाली, उभ्या तिच्यावर. उभ्या पट्टीचं डोकं वर उघडं. आज गोंद ताजा होता, सीलंट नवं होतं, म्हणून पाणी थांबलं. दोन-तीन उन्हाळे गेल्यावर सीलंटला चीर पडली असती, की भिंतीवरून उतरणारं पाणी त्या उघड्या डोक्यातून टेपच्या मागे शिरलं असतं, आणि उतरत उतरत पुन्हा गादीपर्यंत.

माझे कान गरम झाले. पंधरा वर्षं मी पोरांना हेच ओरडत आले होते.

दादा हळूच म्हणाले, "आता लगेच काय नाय होनार."

"माहितीये मला."

मी आत गेले आणि काकूंना सांगितलं. "काकू, माझ्याकडून चूक झालीये. वरचा भाग पुन्हा करावा लागेल."

"अगं, पण पाणी तर आलं नाही!"

"आज नाही आलं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग चष्मा काढून पदराने पुसला. "वॉर्डात एक दिवस ताप नसला की नातेवाईक म्हणायचे, सोडा घरी. मी कधी सोडलं नाही," त्या म्हणाल्या. "कर. चहा टाकते."

वरचे दोन्ही कोपरे आम्ही मोकळे केले. नव्या टेपचे तुकडे उभ्या बाजूंना आधी, आणि मग वरून आडवी, सलग, दोन्हीकडे वीतभर पुढे. या वेळी फोन मी आत पलंगावर काकांच्या हातात देऊन आले होते. तो दोनदा वाजला. काकांनी दोन्ही वेळा कापला आणि दोन्ही वेळा हसले.

जुलैत पावसाने तीन दिवस वाऱ्यासकट झोडपलं. चौथ्या दिवशी काकूंचा फोन. "पाणी दिसतंय!"

मी तशीच निघाले. पोचले तर भिंत कोरडी, गादी कोरडी. पाणी साठलं होतं ते चौकटीच्या रुळात. वाकून बघितलं तर भोकांमध्ये कापसाचे बोळे.

"हे कोणी लावलं?"

"मीच," काकू म्हणाल्या. "भोक दिसलं की बुजवायची सवय."

चिमट्याने बोळे काढले. रुळातलं पाणी गुळगुळ करत बाहेर गेलं. मी काकूंना समजावलं, रुळात पाणी येणारच, त्याला बाहेरची वाट हवी. काकू ओशाळून हसल्या. मी भिंतीवर, पलंगाच्या पाठीमागे, कोपऱ्यात, सगळीकडे तळहात फिरवला. कुठेच ओल नव्हती. माझ्या कामावर माझा विश्वास होताच, पण हात फिरवताना बरं वाटलं हे खरं.

काका उशीला टेकून बसले होते. पलीकडे नदी गढूळ होऊन फुगली होती, आणि पुलावर छत्र्या घेऊन माणसं ती बघत उभी होती. काकांनी काचेकडे बोट केलं.

"बघ," ते म्हणाले. "पूर... आलाय."

मी पलंगाच्या कडेला बसले आणि आम्ही दोघं बराच वेळ पूर बघत राहिलो.