साडेचारचं गिऱ्हाईक

मार्लिसने तिकीट काढलं, हे ऐकून ऑर्विलने हातातला कालथा खाली ठेवला. अमेरिकेतल्या डुलूथ गावच्या त्या छोट्या खानावळीचा तो मालक, आणि एकोणीस वर्षं तव्यापाशी उभी राहणारी मार्लिस ही त्याची आचारी.

"अँकरेजचं? परत?" तो म्हणाला. "बाई, विमान कंपनीने तुझा फोटो दारावर लावला असेल आता."

चेष्टा होती, पण झोंबली. मुलगी कारी अलास्कात, अँकरेजला राहायला गेल्यापासून मार्लिसने दोनदा तिकीट काढलं होतं आणि दोन्ही वेळा ऐन वेळी रद्द केलं होतं. एकदा तर कारीच्या लग्नाचं. बाई भित्री नव्हती हो! शंभर माणसांची रविवारची गर्दी ती एकटी झेलायची. पण डोकं रिकामं झालं रे झालं की सुरू व्हायचं: वाटेत हिमवादळ आलं तर? विमानात छातीत दुखलं तर? मागे घराचा पाइप गोठून फुटला तर? एका 'तर'ला उत्तर सापडेपर्यंत दुसरा दारात हजर.

आता कारीला मुलगी झाली होती. फोनवर कारी रागावली नाही, हेच वाईट. ती हळूच म्हणाली होती, "आई, नक्की येणार असशील तरच तारीख सांग. दर वेळी वाट बघायला मला नाही जमत गं."

फोन ठेवल्यावर मार्लिस ओक्साबोक्शी रडली, आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातल्या समुपदेशक डेल्फीनबाईंकडे जाऊन बसली. शनिवारच्या विमानाला पाच आठवडे होते.

"काळजी करू नका, असं मी सांगणार नाही," डेल्फीन म्हणाल्या. "भरपूर करा. पण वेळेवर. रोज एकच वेळ, एकच जागा, अर्धा तास. झोपायच्या वेळेजवळ नको आणि आवडत्या खुर्चीत तर मुळीच नको. बाकी दिवसभर जी काळजी येईल ती दोन शब्दांत लिहून ठेवायची, तिला वेळ सांगायची आणि हातातल्या कामाला लागायचं."

"आणि नाही गेली तर?"

"हीसुद्धा लिहा," डेल्फीन हसल्या.

मार्लिसला हे एकदम पटलं, कारण तिचं उभं आयुष्य चिठ्ठ्यांवर चाललं होतं. वाढपी ऑर्डरची चिठ्ठी तव्याच्या वर लावलेल्या पट्टीत खोचायचे, पदार्थ गेला की ती काउंटरवरच्या उभ्या खिळ्यात घुसायची. तिने ऑर्डरचंच एक पॅड ॲप्रनच्या खिशात टाकलं. अंडी उलटताना मनात आलं, 'विमान बर्फात उतरताना घसरलं तर?' झटकन लिहिलं, 'घसरलं तर. ४.३०.' आणि अंडी वेळेत उलटली! इतका आनंद तिला पगारवाढीनेही झाला नव्हता.

खानावळ अडीचला बंद व्हायची. साडेचारला ती घरी तळघरात, वॉशिंग मशीनशेजारच्या कडक स्टुलावर बसायची, गजर लावून. पहिल्या आठवड्यात गजर वाजला तरी ती उठेना. सात वाजले तरी तिथेच. शेजारी फोन. विमान कंपनीला तिने तीनदा फोन केला. एकदा तर वैमानिकाला किती वर्षं झाली, हे विचारायला.

"मग मी काय करू?" ती डेल्फीनसमोर वैतागली. "बावीस चिठ्ठ्या होत्या! आलेली ऑर्डर मी आजवर कधी अर्धी सोडलेली नाही."

डेल्फीननी विचारलं, "ऑर्डर आली, पण गिऱ्हाईक टेबलावर नाहीच. बनवता?"

"वेड लागलंय? कोणासाठी बनवू?"

बोलता बोलता मार्लिस थांबली. तिने खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि तिथेच, डेल्फीनच्या टेबलावर दोन ढीग लावायला लागली. पाइप गोठला तर? हे गिऱ्हाईक खरं बसलेलं होतं. शेजाऱ्याला किल्ली द्यायची, काम संपलं. छातीत दुखलं तर? डॉक्टरांना एकदा विचारून घ्यायचं. घसरलं तर? टेबल रिकामं. वैमानिक झोपला तर? रिकामं. बावीसपैकी तीनच जणांना जेवायचं होतं!

"रिकाम्या टेबलांचं काय करायचं मग?"

"साडेचारला वाचायच्या, काळजी वाटेल तेवढी वाटू द्यायची, उत्तर शोधायचं नाही," डेल्फीन म्हणाल्या. "गजर झाला की उठायचं. काही दिवस जड जाईल."

जड गेलंच. दोन आठवडे ती गजर झाल्यावर दातओठ खाऊन उठायची. तिसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली. साडेचारला चिठ्ठी वाचली आणि तिला सकाळची धडधड आठवेनाच. 'ऑर्विलने माझ्यामागे धिरडी करपवली तर?' असं लिहिलेलं. ती एकटीच तळघरात खो खो हसली. नंतरच्या एका दिवशी तर वीस मिनिटांतच चिठ्ठ्या संपल्या आणि उरलेली दहा मिनिटं ती नुसती मशीनकडे बघत बसली.

शनिवारी ऑर्विलने तिला गाडीतून मिनियापोलिसला सोडलं. विमानतळाच्या दारात ती खिळून उभी राहिली. याच दारातून मागच्या वेळी ती परतली होती.

"घरी नेऊ का?" ऑर्विलने विचारलं. या वेळी तो चेष्टा करत नव्हता.

मार्लिसने पॅड काढलं. अक्षर वेडंवाकडं आलं: 'पाय उचललाच नाही तर. ४.३०.' पॅड खिशात टाकलं आणि सुटकेस उचलली.

"धिरडी करपवू नकोस!" ती मागे न बघता ओरडली.

एक वाजता विमान उडालं. साडेचारला हातातल्या घड्याळाचा गजर वाजला, तेव्हा ती ढगांच्या वर होती. तिने सगळ्यात वरची चिठ्ठी वाचली, खाली ढगांकडे बघितलं आणि इतक्या मोठ्याने हसली, की शेजारच्या गृहस्थाने कानातलं यंत्र काढून तिच्याकडे पाहिलं.

अँकरेजला कारी बाळाला छातीशी बांधून उभी होती. दोघींना नीट मिठीसुद्धा मारता येईना, मध्ये ते गाठोडं. मार्लिसने एका बोटाने नातीच्या गालाला हळूच स्पर्श केला.

तेवढ्यात कारीची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. तिला फोनवरून सगळं कळलं होतं. "आई, साडेचार वाजले! बसायचंय का तुला?"

"माझे घरच्या घड्याळाने मघाच होऊन गेले. इथले तुला देते," मार्लिस म्हणाली आणि पॅड पुढे केलं. "तुझी काही आहे?"

कारी हसली आणि तिने पॅड घेतलं. बाळाला सांभाळत तिने भिंतीला टेकवून चार शब्द लिहिले आणि चिठ्ठी आईच्या हातात दिली.

'आई आलीच नाही तर.'

मार्लिसने चिठ्ठी दोनदा वाचली. खिळा नव्हता जवळ. तिने तिची घडी केली, आपल्या मुठीत घट्ट धरली आणि दुसरा हात मुलीच्या खांद्यावर ठेवला.

"हे टेबल रिकामं आहे गं," ती म्हणाली. "चल घरी."