मगरीचा मुखवटा

सातवीनंतर शाळा सुटलेली मी, जालन्याहून येऊन नंदाखाल गावच्या वाडीतल्या उन्हाळी शिबिरात मुखवटे करायला शिकवत होते. पोरं मला न येणारं काही विचारतील, या धास्तीने मी खाली मान घालून कागद चिकटवत राहायचे.

त्या दिवशीच्या खेळात अंगण म्हणजे नदी होती. वर्तमानपत्रांवरच पाय ठेवून अख्ख्या गटाने पलीकडे जायचं, कुणी कुणाला उचलायचं नाही. सगळ्यात धाकटी रडत काठावरच थिजली. पलीकडे पोचलेला, शिबिराच्या नाटकात मगर होणारा नववीतला दांडगा मुलगा कागदांवरून माघारी आला आणि त्याने आपला मुखवटा तिला चढवला.

"आता तूच मगर. मगर पाण्याला घाबरते काय गं?"

ती खुदकन हसून निघाली. मी थक्क होऊन बघत होते, तोच पलीकडून मगर ओरडली, "ताई, तू पण ये ना!"

मी चप्पल काढली.