उतरवून काढलेलं तिसरं प्रकरण

एम.एस्सी.ला आम्हाला दोन महिने कंपनीत काम शिकावं लागतं आणि मग त्यावर अहवाल द्यावा लागतो. मी तो दिला आणि चौथ्या दिवशी आमच्या मार्गदर्शक मॅडमचा मेसेज आला: ‘सिमिलॅरिटी ७८ आली आहे. उद्या अकराला भेट.’ म्हणजे अहवालातला इतके टक्के मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी जुळतो; विभागाची मर्यादा दहा टक्क्यांची. मेसेज आला तेव्हा मी कल्याण स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत होते. मागच्या तीन माणसांना मी पुढे जाऊ दिलं आणि तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला.

माझा स्वभाव मुळात भित्रा. परीक्षेला हॉल तिकीट चार वेळा तपासणारी मी. त्यामुळे दुसऱ्याचं काही चोरण्याची माझी छातीच नाही, अशी माझी स्वतःबद्दल पक्की समजूत होती. त्या संध्याकाळी टिटवाळ्याला घरी पोहोचेपर्यंत अठ्ठ्याहत्तर हा एकच आकडा डोक्यात वाजत होता. आईने विचारलं, चेहरा का उतरलाय. मी म्हटलं, उन्हाने. वर्ष वाया जाणार, सगळ्यांसमोर नाव वाचणार, आणि आई शेजाऱ्यांना काय सांगणार, असे तीन प्रसंग मी अगदी संवादांसकट मनात रंगवून टाकले.

आता झालं काय होतं ते सांगते. माझी कंपनी डोंबिवलीच्या एमआयडीसीत. रसायनं बनवणारी, मध्यम आकाराची. मी तिथल्या गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये होते. पहिल्याच दिवशी एका कागदावर सही घेतली, की इथली माहिती बाहेर नेणार नाही. मी ती सही बँकेच्या फॉर्मवर करतात तशी केली, न वाचता. मोबाइल गेटवर जमा करायचा. मला शिकवायला एक ज्येष्ठ केमिस्ट होते, आम्ही त्यांना सर म्हणायचो. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, बोलणं शुद्ध, पुस्तकी वाटावं इतकं. लॅबमधला कुठलाही कागद त्यांच्या एकट्याच्या सहीने पुढे जायचा. मालाचा नमुना कसा घ्यायचा, त्यातला ओलावा कसा मोजायचा, हे पायरीपायरीने लिहिलेले कंपनीचे कागद असतात, त्यांना एसओपी म्हणतात. एका दुपारी सरांनी रजिस्टरमध्ये नोंद करून अशा एका एसओपीची प्रत मला वाचायला दिली. म्हणाले, नीट वाच, समजून घे, नाही समजलं तर विचार, आणि संध्याकाळी परत दे.

मी ती वाचली नाही. मी ती उतरवली. डबा बाजूला ठेवून अकरा पानं वहीत जशीच्या तशी लिहून काढली. बोटं दुखली, आणि बोटं दुखली की आपण अभ्यास केला असं आम्हाला वाटतं. शाळेत फळ्यावरचं उतरवलं, कॉलेजात सीनियर मुलींची जर्नलं उतरवली, तीही निळ्या पेनाने आणि स्केलने समास आखून, आणि त्या जर्नलांवर सह्या आणि मार्क दोन्ही मिळाले. हाताने लिहिलं ते आपलं, हा हिशेब इतका अंगात मुरलेला, की त्यात काही वावगं असेल हे डोक्यात आलंच नाही. अहवालाचं तिसरं प्रकरण, कामाची पद्धत, मी त्याच वहीतून टाइप केलं आणि खाली आकडा टाकून संदर्भसूचीत कंपनीच्या कागदाचं नाव, नंबर सगळं दिलं. संदर्भ दिला म्हणजे काम फत्ते.

शिवाय मी खात्रीही करून घेतली होती. कॉलेजात एकदाच तपासणार, मग आधी बाहेर बघून घेऊ, म्हणून डोंबिवली स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे फाइल दिली. तो मुलांचे रिपोर्ट तपासून द्यायचा. त्याच्याकडे सव्वीस टक्के आले. दुसरं प्रकरण, जिथे मी आधीच्या संशोधनाबद्दल लिहिलं होतं, ते जवळजवळ सगळं रंगलेलं. तिसरं मात्र पांढरं स्वच्छ.

“ताई, हा चाप्टर एकदम क्लीन आहे,” तो म्हणाला. “एक लाइन पण लाल नाय. दुसरा तेवढा बघून घ्या, मग काय टेन्शन नाय.”

मी दुसऱ्या प्रकरणावर आठवडा घातला, आणि तो आठवडा खरा होता. प्रत्येक शोधनिबंध वाचायचा, बंद करायचा, आणि मग त्यात काय होतं ते माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायचं. ज्याचं मत त्याच्या नावापुढे आकडा. एखादं वाक्य जसंच्या तसं हवंच असेल तर अवतरणात. वेबसाइट असेल तर कोणत्या तारखेला पाहिली तेही. तिसऱ्या प्रकरणाला मी हात लावला नाही. ते माझं सगळ्यात चांगलं प्रकरण होतं ना.

मेसेजच्या दुसऱ्या दिवशी अकराला मी मॅडमच्या केबिनमध्ये बसले. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिसरं प्रकरण अथपासून इतिपर्यंत लाल. पहिलं, चौथं, पाचवंही. बाजूला मूळ स्रोत लिहिलेला: दुसऱ्या एका संस्थेत जमा झालेला विद्यार्थ्याचा पेपर. त्या संस्थेचं नावही मी कधी ऐकलेलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, ही मुलगी किंवा मुलगा कोण, आणि त्याचा रिपोर्ट तुझ्याकडे कसा आला.

मला रडूच फुटलं. मी झेरॉक्सवाल्याचं सांगितलं. मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. त्या म्हणाल्या, अगं, त्याने कुठल्या तरी संस्थेचं लॉगिन वापरून तुझी फाइल टाकली, आणि टाकलेली फाइल सॉफ्टवेअरच्या साठ्यात राहिली. आता तुझाच रिपोर्ट तुझ्याच रिपोर्टशी जुळतोय. मी फोनमधले जुने ड्राफ्ट तारखांसकट दाखवले. मॅडमनी ते बघितले आणि तेवढा एक स्रोत यादीतून वगळला. आकडा नऊवर आला.

मी खुर्चीतून जवळजवळ उठलेच होते. मॅडम म्हणाल्या, बस. आणि त्या तिसरं प्रकरण वाचू लागल्या. आकडा बघणं वेगळं आणि वाचणं वेगळं, हे मला त्या दहा मिनिटांत कळलं, कारण त्या प्रत्येक पानाला थांबत होत्या.

“हे तू लिहिलंस की उतरवलंस?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मॅडम, संदर्भ दिलाय, चौदा नंबर.

त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी शांतपणे सांगितलं, की अकरा पानं जशीच्या तशी घेऊन खाली एक आकडा टाकला तर त्याला संदर्भ म्हणत नाहीत. हे प्रकरण स्वच्छ दिसलं ते तू लिहिलंस म्हणून नव्हे. कंपनीचे कागद इंटरनेटवर नसतात, मशीन जुळवणार कशाशी? आणि हे छापायची परवानगी तुला कुणी दिली? मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. ओलावा लवकर मोजता यावा म्हणून कंपनीने ठरवलेलं द्रावकांचं प्रमाण तिथे होतं, आकड्यांसकट. त्याखाली ते कुठल्या ग्राहकाच्या मालासाठी वापरतात, तेही.

“हे आता बाहेर साठलेलं आहे,” मॅडम म्हणाल्या. “माझ्याकडे नाही. तिकडे.”

वर्ष जाईल ही भीती त्या क्षणी कुठल्या कुठे गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, थंड आणि जड. रजिस्टरमध्ये त्या प्रतीसमोर माझं नाव होतं आणि देणाऱ्याच्या रकान्यात सरांचं.

मी आधी झेरॉक्सवाल्याकडे धावले. तो म्हणाला, लॉगिन त्याचं नाही, ओळखीच्या एकाचं होतं, आणि ते मागच्याच आठवड्यात बंद पडलं. मॅडमनी त्या अनोळखी संस्थेला मेल टाकला, की हा पेपर आमच्या विद्यार्थिनीचा आहे, तो काढण्याची विनंती सॉफ्टवेअर कंपनीला तुमच्याकडूनच जावी लागेल. उत्तर आलं नाही. मग मॅडम म्हणाल्या, कंपनीला मी कळवू शकते, पण त्याआधी तू स्वतः सांगावंस.

दोन दिवस मी सांगितलं नाही. एकदा एमआयडीसीच्या गेटपर्यंत जाऊन परत आले. वॉचमनने हाक मारली तर मी चुकून आल्यासारखं दाखवलं. तिसऱ्या दिवशी गेले, आणि सरांसमोर उभी राहून सगळं एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

सरांनी चष्मा काढला. त्यांनी मला ओरडायला हवं होतं. त्यांनी फक्त प्रिंट मागितली आणि उभ्याउभ्याच वाचली. मग म्हणाले, “नमुना टाकीच्या तळाच्या व्हॉल्व्हमधून घेतात असं लिहिलं आहेस. तू इथे दोन महिने होतीस. तो व्हॉल्व्ह तू कधी उघडा पाहिलास?”

नव्हता पाहिला. तो दुरुस्तीला काढलेला होता. आम्ही रोज वरच्या झाकणातून नमुना घेत होतो, परवानगीची चिठ्ठी भिंतीवर चिकटवलेली होती, आणि मी स्वतःच्या हातांनी तसे पन्नासएक नमुने घेतले होते. कागदात तळ लिहिलं होतं म्हणून मी तळ लिहिलं. इतकी लाज मला त्या अठ्ठ्याहत्तर टक्क्यांचीही वाटली नव्हती.

सर मला घेऊन कंपनीच्या मोठ्या साहेबांकडे गेले आणि माझ्याआधी स्वतःच बोलले, की प्रत मी दिली होती, तिच्याकडून ती बसून वाचून घेणं माझं काम होतं. मी मध्ये काही बोलू बघितलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं. साहेबांनी मला बाहेर बसायला सांगितलं. काचेच्या दारामागे सर उभे होते आणि साहेब बसलेले होते, एवढं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. मी बाकावर बसून मनातल्या मनात ग्रामदेवतेला नवस बोलत होते.

अहवाल सुधारायला मॅडमनी पंधरा दिवस दिले. मी तिसरं प्रकरण फाडून नव्याने लिहिलं. ओलावा मोजण्याची सर्वसाधारण पद्धत छापील प्रमाणग्रंथात आहे. ती वाचली, माझ्या शब्दांत मांडली आणि त्याचा संदर्भ दिला. कंपनीचं प्रमाण आणि ग्राहक गाळले आणि तिथे सरळ लिहिलं, की गोपनीयतेमुळे हा तपशील दिलेला नाही. बाकी सगळं मी केलेलं: वरच्या झाकणातून नमुना कसा घेतला, पहिल्याच दिवशी बाटलीचं बूच उघडं राहिलं आणि हवेतली ओल शिरून आकडा कसा वर गेला, दुसऱ्यांदा काय बदललं. अकरा पानांची साडेचार झाली. कॉलेजात तपासलं तेव्हा जुना पेपर न वगळताही ते प्रकरण जवळजवळ कोरं आलं. मला आनंद झाला नाही. जुना पेपर अजून तिकडे आहे, मेलला अजून उत्तर नाही, आणि फोन वाजला की कंपनीचा नंबर तर नाही ना, हे मी आजही आधी बघते.

अहवाल छापण्याआधी कंपनीची परवानगी लागते, म्हणून मी साडेचार पानं घेऊन सरांकडे गेले. त्यांनी टेबलाशी बसून सावकाश वाचली. बुचाचा प्रसंग आला तिथे थोडं हसले.

“हे कुठून घेतलंस?”

“इथूनच, सर. बघून.”

त्यांनी सही केली, खाली तारीख घातली आणि पानं मला परत देता देता म्हणाले, “याच्याखाली साहेबांचीही घे. माझी एकट्याची सही आता चालत नाही.”